आईंचं पोट आणि तीन वेगवेगळ्या कारणांसाठी दिलेल्या तीन गोळ्या

शेवंती_सांगली | १४ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार. सासूबाईंबद्दल विचारायचं आहे. वय ७९, वजन ४८ किलो. दोन वर्षांपासून विसरभोळेपणा वाढत गेला, गेल्या नोव्हेंबरमध्ये स्मृतिभ्रंशाचं निदान झालं.

या महिन्याच्या ४ तारखेपासून १० तारखेपर्यंत त्यांना शौचाला झालंच नाही. आधीही तीन-तीन दिवसांचा खाडा पडायचाच. ११ तारखेला मात्र पातळ व्हायला लागलं, कपडे खराब होऊ लागले. मला वाटलं पोट बिघडलं, म्हणून मेडिकलमधून जुलाब थांबायची गोळी आणून दोनदा दिली. दुसऱ्या रात्री पोट नगाऱ्यासारखं फुगलं, जेवण बंद, कण्हत होत्या. १३ तारखेला सकाळी दवाखान्यात नेलं. आत मळाचे खडे अडकले होते आणि त्यांच्या बाजूने फक्त पाणी झिरपत होतं. नर्सने हाताने खडे काढले, एनिमा दिला. ती तासभराची वेळ आठवली की अजून अंगावर काटा येतो. मी जुलाबाची गोळी दिली नसती तर इतकं झालं नसतं, हे मनातून जात नाही.

आता घरी आणलंय. पपई, रात्री दुधात तूप, इसबगोल, त्रिफळा, मनुका हे सगळं फेब्रुवारीपासून चालूच आहे, तरी हे झालं. डॉक्टर म्हणाले, वय आहे, पाणी वाढवा. पण आई संध्याकाळी पाचनंतर पाणीच पीत नाहीत, रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून.

चालू औषधं: डोनेपेझिल १०, सोलिफेनासिन १० (लघवीच्या घाईसाठी), क्वेटिआपिन ५० रात्री, बीपीची टेल्मिसार्टन. थायरॉइड, कॅल्शियम, साखर सगळं नॉर्मल आलंय. अजून कोणती तपासणी राहिलीय का?

---

रामभाऊ_७१ | १४ जुलै, रात्री ११.१५

मलाही हा त्रास होता. माझ्या बाबतीत लोहाच्या गोळ्या कारण निघाल्या. काळी आणि घट्ट व्हायची. गोळी बदलली, तीन आठवड्यांत फरक. सासूबाईंचं हिमोग्लोबिन किती आहे ते बघा आणि लोहाची गोळी असेल तर बंद करा. सकाळी उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी. मी ७१ वर्षांचा आहे, चार किलोमीटर चालतो.

---

शेवंती_सांगली | १४ जुलै, रात्री ११.३०

रामभाऊ काका, लोहाची गोळी चालू नाही. आणि चालणं म्हणाल तर आता पलंगापासून अंगणापर्यंतच.

---

औदुंबर | १५ जुलै, सकाळी ७.०५

ताई, मी ३१ वर्षं मेडिकल चालवलं, आता मुलगा बघतो. तुमची यादी वाचून रात्रीच लिहिणार होतो.

तपासणी राहिलेली नाही. कारण तुमच्या यादीतच दिसतंय, पण यादी मला पूर्ण वाटत नाही. आधी एक काम करा. घरातली प्रत्येक गोळीची पट्टी, बाटली, डोळ्यांचे थेंब, सर्दी-खोकल्याचं, चक्करचं, खाजेचं, झोपेचं असं जे जे आईंच्या पोटात जातं ते सगळं एका ताटात काढा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं आणि न दिलेलं, दोन्ही. मग पट्टी उलटी करून बारीक अक्षरातली घटकद्रव्यं वाचा आणि इथे लिहा. प्रत्येक गोळी कोणत्या महिन्यात सुरू झाली आणि कधी वाढवली, तेही लिहा. नावाइतकीच तारीख महत्त्वाची आहे.

तोवर इसबगोल बंद ठेवा. इसबगोल पाणी शोषून फुगतं आणि फुगलेला गोळा आतड्याने पुढे ढकलायचा असतो. ढकलणारं आतडंच मंद असेल आणि वर पाणीही कमी असेल, तर तो गोळा जागच्या जागी बसतो. फेब्रुवारीपासून तुम्ही नेमकं हेच करत आलात, पण यात तुमचा दोष नाही. मीसुद्धा शेकडो लोकांना इसबगोलच दिलंय.

---

शेवंती_सांगली | १५ जुलै, दुपारी ३.२०

काका, ताट भरलं. मला धक्का बसला, कारण एक गोळी माझ्या लक्षातच नव्हती. क्रमाने लिहिते.

नोव्हेंबर: डोनेपेझिल ५, डिसेंबरअखेर १०.
जानेवारी: लघवीची घाई सुरू, संडासापर्यंत पोहोचायच्या आत कपडे ओले.
फेब्रुवारी: दुसऱ्या डॉक्टरांनी सोलिफेनासिन ५ दिली. थोडा फरक पडला.
एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात: सोलिफेनासिन १०.
एप्रिलअखेर: रात्री उठून फिरणं, कपाटं उघडणं, घरात चोर आहे म्हणून आम्हाला उठवणं.
मे: तिसऱ्या डॉक्टरांकडून क्वेटिआपिन २५, पंधरा दिवसांनी ५०.
जूनचा तिसरा आठवडा: पावसाने सर्दी झाली. मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली, सकाळ-संध्याकाळ. पट्टीवर पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन आहे. सर्दी आठवड्यात गेली, पण त्या गोळीने झोप छान लागते म्हणून यांनी ती चालूच ठेवली. म्हणजे काल रात्रीपर्यंत.

---

कोकणकन्या | १५ जुलै, दुपारी ४.०५

ॲलर्जीच्या सगळ्याच गोळ्यांनी पोट बांधलं जातं, माझ्या सासऱ्यांनाही असंच झालं होतं. सेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, काहीच देऊ नका. आणि लघवीची गोळी मूत्राशयावर काम करते, तिचा आतड्याशी काय संबंध? ती काढलीत तर पुन्हा कपडे ओले होतील.

---

औदुंबर | १५ जुलै, सायंकाळी ६.५०

कोकणकन्या ताई, अर्धं बरोबर आहे तुमचं. सर्दीच्या गोळीवर बोट ठेवलंत ते अगदी योग्य. पण सगळ्या सारख्या नाहीत. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, प्रोमेथाझिन, खाजेसाठी देतात ती हायड्रॉक्सिझिन, भूक वाढायला देतात ती सायप्रोहेप्टाडिन, या जुन्या पिढीतल्या. चक्करसाठी सिनारिझिनबरोबर डायमेनहायड्रिनेट येतं तेही यांच्याच घरातलं. पोट बांधतात त्या या. फेक्सोफेनाडिन जवळजवळ नाहीच. सेट्रिझिन अगदी किरकोळ, तिचा प्रश्न गुंगीचा जास्त.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो या धाग्याचा गाभा आहे. मूत्राशय आवळायचा निरोप ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून जातो. सोलिफेनासिन, ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, डॅरिफेनासिन या गोळ्या तो निरोप अडवतात, म्हणून घाई कमी होते. आतड्याच्या स्नायूंना पुढे ढकलायचा निरोपही त्याच रसायनातून जातो. तोंडाला लाळ सुटायचाही. गोळी रक्तातून सगळीकडे फिरते, तिला मूत्राशयाचाच पत्ता दिलेला नसतो. सोलिफेनासिनच्या चाचण्यांत नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत शंभरातल्या तिघांना बद्धकोष्ठता झाली, ५ मिलिग्रॅमवर पाचेकांना आणि १० वर तेराजणांना. मात्रा दुप्पट झाली आणि त्रास दुपटीहून जास्त झाला. डॅरिफेनासिनचं प्रमाण याहूनही वर आहे.

जुन्या सर्दीच्या गोळ्या हिस्टामिन अडवायला बनवल्या, पण त्या हाच निरोपही अडवतात. क्वेटिआपिन, ओलान्झापिन, क्लोझापिन, क्लोरप्रोमाझिन या मनोविकारावरच्या औषधांतही हा गुण कमी-जास्त आहे. म्हणजे आईंच्या आतड्याचा निरोप तीन ठिकाणी अडवला जातोय आणि तिघांपैकी कुणालाच दुसऱ्याचा पत्ता नाही. एकटी कुठलीही गोळी कदाचित झेपली असती.

एक विचारतो. तोंड कोरडं पडतंय का? कवळी सैल झाल्याची तक्रार?

---

शेवंती_सांगली | १५ जुलै, सायंकाळी ७.१५

हो! मार्चपासून कवळी टोचते म्हणून काढूनच ठेवतात. भाकरी घशाखाली उतरत नाही म्हणतात. त्यामुळे सध्या मऊ भात, वरण, खीर एवढंच. मला वाटलं हिरड्या झिजल्या.

---

औदुंबर | १५ जुलै, सायंकाळी ७.४०

लाळ आटली की कवळी धरत नाही. कवळी गेली की भाकरी-भाजी गेली आणि आतड्याला ढकलायलाही काही उरलं नाही. कोरडं तोंड ही फार उपयोगी खूण आहे, कारण ती पोटाच्या आधी दिसते.

सर्दीची गोळी आज रात्रीच बंद करा, ती कुणी लिहून दिलेली नाही. झोप दोन-तीन रात्री थोडी बिघडेल. सोलिफेनासिन आणि क्वेटिआपिनला स्वतःहून हात लावू नका, पण तुमची तारीखवार यादी अशीच्या अशी कागदावर लिहून तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा.

---

पणजीकर_मी | १५ जुलै, रात्री ९.३०

हे वाचून माझ्या भावाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वय ६४, स्किझोफ्रेनिया, बावीस वर्षं क्लोझापिनवर. त्या औषधाने त्याला माणसात आणलं, हे आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तो उलट्या करायला लागला, पोट दगडासारखं. आतडं जवळजवळ फुटायच्या बेतात होतं. शस्त्रक्रिया झाली, थोडक्यात वाचला. आधीचे आठ-दहा दिवस त्याला शौचाला झालं नव्हतं आणि त्याने एक शब्द काढला नव्हता. आम्ही रोज विचारायचो, "पोट साफ झालं का?" तो "हो" म्हणायचा. खोटं बोलत नव्हता, त्याला त्रासच जाणवत नव्हता.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली मोजणी झाली. इतर औषधं घेणाऱ्यांच्या मोठ्या आतड्यातून अन्न पुढे जायला साधारण २३ तास लागत होते, क्लोझापिनवाल्यांना १०४ तासांच्या वर. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही जानेवारी २०२० मध्ये या औषधाबद्दलची ताकीद कडक केली. आता भावाला पोट साफ करायचं औषध रोज चालू आहे, त्रास असो वा नसो. आणि "झालं का" विचारत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी स्वतः खूण करतो.

शेवंती ताई, क्वेटिआपिनऐवजी रिस्पेरिडोन विचारून बघा. भावाच्या वॉर्डात ऐकलं होतं की त्याने बद्धकोष्ठता होत नाही.

---

निशिगंध | १६ जुलै, सकाळी ८.१०

मी मेडिसिनची डॉक्टर आहे. धागा बघून थांबले, कारण शेवटचं वाक्य धोक्याचं आहे.

रिस्पेरिडोनमध्ये हा अडवण्याचा गुण खरंच खूप कमी आहे. पण आपल्याकडे रिस्पेरिडोन अनेकदा ट्रायहेक्सिफेनिडिलबरोबर एकाच गोळीत येतं, हातपाय ताठरू नयेत म्हणून. आणि ट्रायहेक्सिफेनिडिल हे या निरोपाला अडवणाऱ्या औषधांपैकी अगदी कडक. म्हणजे दार बदललं, चोर तोच. शिवाय स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना या गटातली कुठलीही गोळी दिली तरी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका थोडा वाढतो, त्यामुळे "ही की ती" याच्याही आधी "लागतेच का" हा प्रश्न असतो.

पण हेही तितकंच खरं की क्वेटिआपिन एकदम तोडू नका. क्लोझापिन तर अजिबातच नाही. हळूहळू कमी करायचं आणि ज्यांनी सुरू केलं त्यांच्याशी बोलून.

आणि हे मात्र सर्वांनी लक्षात ठेवा: पोट फुगलंय आणि गॅसही सरत नाही, उलट्या आहेत, पोट दाबल्यावर दुखतंय, ताप किंवा अचानक बरळणं आहे, तर घरी काहीही द्यायचं नाही, रेच तर मुळीच नाही, थेट दवाखाना. बरेच दिवस काही नाही आणि मग अचानक पाण्यासारखं झिरपतंय, तर तो जुलाब समजू नका. आधी गुदद्वारात बोटाने तपासणी. शेवंती, तुम्ही केलं ते दवाखान्यांतूनही होताना मी पाहिलंय.

तुम्हाला एक सुचवते. लघवी करून झाल्यावर मूत्राशयात किती उरते त्याची सोनोग्राफी करून घ्या. मळाने भरलेलं गुदाशय मूत्राशयावर दाब देतं आणि त्यानेच घाई वाढते, लघवी पूर्ण सुटत नाही. तशात घाईची गोळी वाढवली तर दोन्ही बाजूंनी कोंडी होते.

---

कोकणकन्या | १६ जुलै, सकाळी ९.००

म्हणजे पोट साफ नाही म्हणून लघवीची घाई आणि घाई म्हणून गोळी आणि गोळीने पोट साफ नाही? असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. सासऱ्यांची पट्टी आजच बघते.

---

औदुंबर | १६ जुलै, सकाळी ९.४५

तुम्ही बरोबर पकडलंत. मला मात्र शेवंतीताईंच्या तारखांत त्याआधीची एक कडी दिसते. डोनेपेझिल ॲसिटिलकोलीन वाढवतं, विसरभोळेपणात तेच त्याचं काम. पण ते मूत्राशयातही वाढतं आणि काहींना लघवीची घाई होते. डिसेंबरअखेर मात्रा दुप्पट, जानेवारीत घाई, फेब्रुवारीत घाईची गोळी. मग त्या गोळीची मात्रा दुप्पट झाल्यावर तीन आठवड्यांत रात्रीचा भ्रम. या गोळ्या मेंदूतलाही निरोप अडवू शकतात आणि स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला त्याचा फटका लवकर बसतो. मग भ्रमासाठी क्वेटिआपिन. म्हणजे प्रत्येक नवी गोळी मागच्या गोळीच्या त्रासावर आली असावी. एकीकडे डोनेपेझिल निरोप वाढवतंय, दुसरीकडे सोलिफेनासिन तोच अडवतंय. दोन्ही रोज एकाच डबीत.

---

निशिगंध | १६ जुलै, सकाळी १०.२०

शक्यता आहे, पण मी एवढ्या ठामपणे म्हणणार नाही. ७९ व्या वर्षी लघवीची घाई डोनेपेझिलशिवायही होते आणि स्मृतिभ्रंशात रात्रीचं फिरणं आजारानेही येतं. तारखा जुळल्या म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. गोळी काढून बघितल्यावरच थोडंफार कळेल. आणि एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

---

लीड्सवासी | १६ जुलै, दुपारी २.३०

मी इथे इंग्लंडमध्ये वृद्धांच्या केअर होममध्ये सहा वर्षं काम करते. आमच्याकडे प्रत्येकाच्या खोलीत शौचाचा तक्ता असतो. तारीख, वेळ आणि प्रकार, एक ते सात. एक म्हणजे बकरीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे, चार म्हणजे गुळगुळीत सलग, सात म्हणजे निव्वळ पाणी. तिसऱ्या दिवशी रकाना रिकामा राहिला की नर्सला कळवायचंच. शेवंती, वहीत हेच करा.

एक छोटी गोष्ट अनुभवाची. आतडं सगळ्यात जास्त हलतं ते सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर अर्ध्या तासात. क्वेटिआपिन उशिरा दिलं तर माणूस सकाळी दहापर्यंत गुंगीत असतो आणि ती वेळ निघून जाते. आमच्याकडे एका आजींचं फक्त रात्रीच्या गोळीची वेळ लवकर घेतल्यावर बरंच सुधारलं. डॉक्टरांना विचारून बघा. पायाखाली छोटं स्टूलही ठेवा, कमोडवर पाय लोंबकळत राहिले की जोर लागत नाही.

---

रामभाऊ_७१ | १६ जुलै, सायंकाळी ५.००

मी पण माझी सर्दीची पट्टी उलटून बघितली. क्लोरफेनिरामिन आहे. पावसाळाभर घेतो मी. प्रोस्टेट वाढलंय, रात्री धार अडखळते. याचाही संबंध आहे का?

---

औदुंबर | १६ जुलै, सायंकाळी ५.४०

आहे, रामभाऊ. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची त्या गोळीने लघवी पूर्ण अडू शकते, मग नळी घालावी लागते. आजच बंद करा आणि तुमच्या डॉक्टरांना सांगा. सर्दीला वाफ, मिठाच्या पाण्याचे थेंब आणि ताप असेल तर नुसतं पॅरासिटामॉल.

---

शेवंती_सांगली | २५ जुलै, रात्री १०.१०

उशिरा लिहितेय. १७ तारखेला सोनोग्राफी झाली, लघवी करून झाल्यावरही १६० मिलिलिटर उरलेली. यादीचा कागद बघून आमच्या डॉक्टरांनी पाचेक मिनिटं काही न बोलता वाचलं आणि मग लघवीच्या डॉक्टरांना माझ्यासमोर फोन लावला. १८ तारखेपासून सोलिफेनासिन बंद. रोज मॅक्रोगोलची पुडी पाण्यातून, आणि गरज पडली तर ग्लिसरिनची वात. बाकी काही बदललं नाही.

पण काका, आठवडा होऊन गेला. वहीत बघते तर १७, २०, २३ तारखेला झालंय, तेही प्रकार दोन. तोंड अजून कोरडंच. मला वाटतं कारण ते नव्हतंच.

---

औदुंबर | २६ जुलै, सकाळी ६.५०

थांबा ताई, घाई करू नका. सोलिफेनासिन शरीरातून फार सावकाश जातं. निम्मं व्हायलाच दोन ते पावणेतीन दिवस लागतात, वृद्धांत थोडं जास्तच. पूर्ण जायला दहा ते पंधरा दिवस धरा. १८ ला बंद केलं म्हणजे ऑगस्ट उजाडेपर्यंत त्याचा अंमल आहे असंच समजा. कित्येकजण चार दिवसांत फरक नाही म्हणून पुन्हा सुरू करतात. मॅक्रोगोलला पुडीवर लिहिलंय तेवढं पाणी घालता ना? पाणी आटवून दिलं तर उपयोग नाही, आतड्यात पाणी धरून ठेवणं हेच त्याचं काम.

---

शेवंती_सांगली | २६ जुलै, सकाळी ७.३०

अर्ध्याच पाण्यात देत होते, पितात त्या म्हणून. आजपासून दोन वेळा मिळून पूर्ण देते.

---

शेवंती_सांगली | ९ ऑगस्ट, रात्री ९.००

वही समोर घेऊन लिहिते. २८ जुलैपासून एक दिवसाआड, ३ ऑगस्टपासून जवळजवळ रोज, प्रकार तीन-चार. परवा आईंनी स्वतःहून कवळी मागितली आणि भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

६ तारखेला पुन्हा सोनोग्राफी, उरलेली लघवी आता ४५. सोलिफेनासिन बंद असूनही रात्री पूर्वी पाच वेळा उठायच्या, आता तीन वेळा. पण दिवसा दोनदा कपडे ओले होतात, हे खरं आहे, ते गेलेलं नाही. दर दोन तासांनी मीच घेऊन जाते. मिराबेग्रॉन नावाची गोळी आहे, ती वेगळ्या वाटेने काम करते आणि पोट बांधत नाही असं लघवीचे डॉक्टर म्हणाले, पण आईंचं बीपी १६० च्या वर आहे, आधी ते आटोक्यात येऊ दे म्हणाले.

रात्रीचं फिरणं कमी झालंय, चोर आले नाहीत पंधरा दिवसांत. २ तारखेपासून क्वेटिआपिन २५ वर आणलंय, तेही साडेआठला देते. यांना मात्र वाटतं की भ्रम क्वेटिआपिनमुळेच कमी झाला होता, आणखी कमी करायला ते तयार नाहीत. मला नक्की सांगता येत नाही.

---

निशिगंध | ९ ऑगस्ट, रात्री १०.००

यजमानांचं म्हणणं धुडकावू नका, दोन्ही शक्य आहे. चार आठवडे २५ वरच राहू द्या, रात्रींचीही वही ठेवा. पाण्याचं काय?

---

शेवंती_सांगली | ९ ऑगस्ट, रात्री १०.१५

सकाळपासून चारपर्यंत छोट्या फुलपात्राने सात-आठ वेळा देते. पाचनंतर थोडंच.

डोनेपेझिलचं काय करायचं ते अजून ठरलं नाही. लघवीचे डॉक्टर म्हणतात १० चं ५ करून बघा, मेंदूचे डॉक्टर फोनवर म्हणाले विसरणं वाढेल. गुरुवारी त्यांच्याकडे जायचंय.

---

लीड्सवासी | १० ऑगस्ट, दुपारी १.४५

जाताना शौचाच्या वहीबरोबर लघवीच्या वेळांचीही वही घेऊन जा. आणि डोनेपेझिल सकाळी देता की रात्री, तेही लिहून न्या.